अर्धवट राहिलेली दातांची ट्रीटमेंट: पैसे परत मागण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी क्लिनिकमधून ट्रीटमेंट प्लॅनची प्रत, केसपेपर आणि सगळे एक्स-रे मागून घ्या. क्लिनिक बंद पडण्याच्या बेतात असेल तर उद्यावर ढकलू नका. इम्प्लांट बसवलेला असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर विसरू नका. बोटभर लांबीचा कागद, पण कंपनी, साईज आणि लॉट नंबर त्यावरच असतो. तो नसेल तर पुढच्या डॉक्टरांना हाडात बसवलेल्या त्या स्क्रूवर बसणारा जोडभाग शोधणं अवघड होतं.

मग दुसऱ्या डेंटिस्टकडे ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे काढा आणि कोणत्या दातावर काय झालंय आणि काय नाही, हे दातांच्या नंबरसह लेटरहेडवर लिहून घ्या. उरलेलं काम त्यानंतरच सुरू करा, कारण एकदा नवी कॅप बसली की जुनं काम कुठपर्यंत होतं हे दाखवायला काही उरत नाही. फार थांबूही नका, रूट कॅनाल झालेली दाढ कॅपविना तडकू शकते.

आता हिशोब. समजा प्लॅन १,२०,००० चा होता: दोन रूट कॅनाल १६,०००, त्यावरच्या दोन कॅप २४,००० आणि दोन इम्प्लांट ८०,०००. एका इम्प्लांटच्या ४०,००० पैकी स्क्रूचे २५,००० आणि वरच्या दाताचे १५,०००. १५ टक्के सूट धरून तुम्ही १,०२,००० आगाऊ भरले. झालं काय, तर दोन्ही रूट कॅनाल आणि एक स्क्रू, म्हणजे ४१,००० चं काम. सूट लावून ते ३४,८५० होतं, म्हणून मागायचे ६७,१५०. क्लिनिक बहुधा म्हणेल, सूट पूर्ण पॅकेजवर होती, आणि ६१,००० वर अडेल. काम तुम्ही सोडलं असेल तर त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. त्यांनी सोडलं असेल तर ६,१५० वर पाणी सोडू नका. ‘कॅप लॅबमध्ये तयार आहेत’ असं सांगून पैसे कापले, तर लॅबचं बिल मागा.

पैसे फायनान्स कंपनीच्या ईएमआयवर असतील तर हप्ता परस्पर थांबवू नका, सिबिल बिघडतो. कंपनीला ईमेलने लेखी कळवा आणि क्लिनिकला रक्कम कधी दिली ते विचारा.

नोटीस एका पानाची पुरे. वरचा हिशोब, १५ दिवसांची मुदत, सोबत पावत्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं पत्र. ती स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. व्हॉट्सअॅपवरचं ‘पुढच्या आठवड्यात या’ हे प्रत्येक उत्तर तारखेसह दिसेल असं प्रिंट करा. टाळाटाळ त्यातूनच सिद्ध होते.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा, तरीही हललं नाही तर तुमच्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग, पुण्यात राहत असाल तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, मग क्लिनिकचं मुख्य ऑफिस कुठेही असो. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आयोगाकडे तक्रार करायची मुदत मात्र दोनच वर्षांची असते, आणि ती तोंडी आश्वासनांनी वाढत नाही.