केबलचं लेबल आणि नेटवर्कचा नकाशा: इंटर्नशिपमध्ये या चुका टाळा

छोट्या ऑफिसचं नेटवर्क कागदावर उतरवायचं काम बहुतेक वेळा नव्या इंटर्नकडे येतं. "सगळ्या वायरींना लेबलं लाव आणि लेआउट काढून ठेव," असं सांगून सिनियर दुसऱ्या साइटवर निघून जातो. इंटर्न ऑफिसमधल्या लोकांना विचारतो, ते सांगतात तसं लिहितो आणि संध्याकाळी स्वच्छ, रंगीत नकाशा तयार होतो. त्यात जे चुकलेलं असतं ते पावसाळ्यात लाइट जायला लागल्यावर कळतं.

रत्नागिरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसचं उदाहरण घेऊ. पुढची मोठी खोली, एक केबिन आणि मागे रेकॉर्डची खोली. पुढच्या भिंतीवर छोटा रॅक, त्यात फायबरची लाइन जिथे येते तो ओएनटी, राउटर आणि १६ पोर्टचा साधा स्विच. रॅकला इन्व्हर्टरची लाइन दिलेली. तक्रार एकच होती: लाइट गेली की मागच्या खोलीतलं नेट जातं आणि पुढच्या खोलीत मात्र चालू राहतं. मागच्या पीसींना स्वतःचे यूपीएस होते, त्यामुळे मशीन चालू असायची. आधीच्या नकाशात मागच्या खोलीतल्या प्रत्येक पीसीपासून सरळ रॅकपर्यंत एकेक रेघ ओढलेली होती. त्या नकाशावर विश्वास ठेवून मागची केबल बदलून झाली, कनेक्टर नव्याने क्रिंप करून झाले, तरी तक्रार कायम राहिली.

चूक पहिली: विचारून नकाशा काढणं

ऑफिसमधले लोक खोटं सांगत नाहीत. त्यांना टेबलाजवळचं टोक माहीत असतं, मधलं काही माहीत नसतं. म्हणून रेघ ओढण्यापूर्वी एक साधी मोजणी करायची. वायरने जोडलेली उपकरणं मोजायची आणि स्विचवर पेटलेले दिवे मोजायचे. मोजताना सगळी उपकरणं चालू हवीत, कारण बंद किंवा झोपलेल्या पीसीच्या पोर्टचा दिवा कधी पेटलेला राहतो, कधी नाही.

या ऑफिसात पुढे ५ पीसी, केबिनमध्ये १, मागे ३ पीसी आणि १ प्रिंटर, शिवाय कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन. झाली १२ उपकरणं. राउटरकडून येणारी एक केबल धरली तर स्विचवर १३ दिवे हवेत. पेटलेले होते १०. कमी पडलेले तीन दिवे सांगतात की कुठेतरी चार उपकरणं एकाच केबलवरून येत आहेत. एका दडलेल्या स्विचच्या मागे जितकी उपकरणं असतील, त्याहून एक कमी इतके दिवे मुख्य स्विचवर कमी दिसतात. असे दोन छोटे स्विच असतील तर तूट दोघांत वाटली जाते, पण कुठेतरी काहीतरी दडलंय एवढं मोजणीवरून नक्की कळतं.

मग ते कुठे आहे हे केबल काढून पाहायचं. एकाने टेबलापाशी पीसीची केबल काढायची, दुसऱ्याने रॅकपाशी कुठला दिवा विझतो ते बघायचं. पुढच्या खोलीत प्रत्येक वेळी एकेक दिवा विझला. मागच्या खोलीतल्या पहिल्या पीसीची केबल काढली तेव्हा रॅकवरचा एकही दिवा विझला नाही. दुसऱ्या पीसीलाही तेच. केबल काढूनही मुख्य स्विचवर दिवा विझत नसेल, तर मध्ये दुसरं उपकरण आहे असं समजावं. भिंतीच्या कडेने केबल धरत गेल्यावर लोखंडी कपाटामागे ५ पोर्टचा छोटा स्विच सापडला. चार पोर्टांत तीन पीसी आणि प्रिंटर, पाचव्यात रॅककडे जाणारी केबल. त्याचा अॅडॉप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये होता, त्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाइन नव्हती. लाइट गेली की हा स्विच मरायचा आणि तिन्ही पीसी एकदम तुटायचे. प्रिंटरचंही तेच व्हायचं, पण लाइट गेल्यावर तो तसाही बंद असायचा, म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.

लाइट गेलेली असतानाच हे पडताळताही येतं. राउटर उत्तर देतो का ते पाहायला मागच्या पीसीवर राउटरचा पत्ता घालून पिंग लावा. राउटरचा पत्ता `ipconfig` मध्ये `Default Gateway` समोर दिसतो, पण तो लाइट असतानाच पाहून ठेवा, कारण केबल तुटलेली असेल तर तो तिथे दिसत नाही. इथे तो असा होता:

```
ping -t 192.168.1.1
```

उत्तर येत नसेल तर विंडोजमधलं नेटवर्कचं चिन्ह पाहा. केबल काढल्यासारखं दाखवत असेल, तर पीसीच्या लगतचं उपकरण बंद पडलंय. केबल जोडलेली दाखवतंय पण राउटर उत्तर देत नाही, असं असेल तर लगतचं उपकरण जिवंत आहे आणि दोष त्याच्या पुढे आहे. राउटर उत्तर देतोय आणि तरी साइट उघडत नाहीत, तर पीसीपासून राउटरपर्यंतच्या केबलींना हात लावायचं कारण नाही.

केबल काढून पाहताना दोन गोष्टी सांभाळा. आधी त्या टेबलावरच्या माणसाला विचारा, कारण सर्व्हरवरच्या फाइलमध्ये एंट्री चालू असताना केबल ओढली तर त्याचं काम अर्धवट राहतं. जेवणाची वेळ सगळ्यात बरी. आणि केबल टेस्टर किंवा भिंतीतली केबल शोधायचा टोनर लावायचा असेल तर आधी केबलची दोन्ही टोकं मोकळी करा. दडलेल्या स्विचच्या पलीकडे टेस्टर काही दाखवत नाही, आणि केबलवरून कॅमेऱ्याला वीज जात असेल तर टेस्टर जळूही शकतो.

चूक दुसरी: माणसाच्या नावाचं लेबल

त्या ऑफिसात जुनी लेबलं होती: "मॅडम", "नवीन मुलगा", "अकाउंट". मॅडम केबिनमध्ये गेल्या, नवीन मुलगा सोडून गेला. केबल मात्र भिंतीत होती तिथेच आहे. म्हणून नाव केबलला द्यायचं आणि ते जागेवरून द्यायचं. पुढची खोली `A`, मागची `B`, केबिन `C`, आणि दारातून आत शिरल्यावर डावीकडून क्रमांक: `A-01`, `A-02`. तेच नाव रॅकमधल्या टोकावर, तेच भिंतीवरच्या फेसप्लेटवर आणि तेच नकाशात. कोण बसतं ते तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात पेन्सिलने लिहा. आयपी पत्ता तर लेबलवर अजिबात नको. राउटर तो आपणहून वाटत असेल तर उद्या वेगळाच असू शकतो.

पॅच कॉर्ड म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली जोडणीची तयार केबल. ती छोटी असते म्हणून तिला लेबल लागत नाही, असं मानणंही चूक. एकच सुटी कॉर्ड दोन्ही टोकांनी त्याच साध्या स्विचमध्ये घुसली तर लूप तयार होतो, सगळे दिवे एकदम भराभर लुकलुकायला लागतात आणि पूर्ण ऑफिसचं नेट बसतं. दोन्ही टोकांवर एकच नाव असेल तर ती कॉर्ड पटकन सापडते.

चूक तिसरी: कागद आणि सेलोटेप

किनारपट्टीवर हे टिकत नाही. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की सेलोटेपच्या कडा सुटतात, गोंद चिकट होऊन त्यावर धूळ बसते आणि शाईचं पेन कागदात पसरतं. साध्या थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने पुसट होतात. मार्करने थेट केबलवर लिहिलेलं हाताळून झिजतं, पण जोडीला म्हणून ते जरूर लिहा.

कामाचं असतं ते सेल्फ-लॅमिनेटिंग लेबल. त्याच्या एका टोकाला लिहायचा पांढरा भाग आणि मागे पारदर्शक शेपूट असते. पांढरा भाग केबलला चिकटवायचा आणि शेपूट त्यावरून गुंडाळायची, म्हणजे अक्षरं प्लॅस्टिकखाली बंद होतात. इथे माप चुकतं. कॅट सिक्स केबलची जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे घेर साधारण १९ मिलिमीटर. शेपटीचा निदान एक पूर्ण वेढा बसला पाहिजे. लेबल आखूड निघालं तर अक्षरं उघडी राहतात आणि पुन्हा दमटपणाच्या तावडीत सापडतात. चिकटवण्यापूर्वी केबल कोरड्या फडक्याने पुसा. धुळीवर कुठलंच लेबल धरत नाही.

जागाही नीट निवडा. कनेक्टरला अगदी लागून लेबल लावलं तर पुढच्या क्रिंपिंगला टोक कापताना लेबलही कापलं जातं. खाऱ्या हवेत कनेक्टरचे पिन खराब होतात, त्यामुळे इथे क्रिंपिंग पुन्हा करायची वेळ येते. टोकापासून १० ते १५ सेंटीमीटरवर लेबल लावा आणि रॅकचं दार उघडल्यावर ते वाचता येईल असं फिरवा.

चूक चौथी: नकाशात वीज न दाखवणं

ओएनटी, राउटर, स्विच, पीसी असे चौकोन आणि मध्ये रेघा, एवढाच नकाशा सगळे काढतात. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा कुठलं उपकरण कुठल्या लाइनवर आहे हेच आधी हवं असतं. रत्नागिरीच्या त्या ऑफिसचा नवा तक्ता असा सुरू झाला:

```
पोर्ट | केबल | दुसरं टोक          | तिथली वीज
01   | R-01 | राउटर             | इन्व्हर्टर
02   | A-01 | पुढे, दाराजवळ       | पीसीचा यूपीएस
10   | B-01 | मागे, छोटा स्विच     | साधं सॉकेट
```

शेवटची ओळ लिहिली आणि तक्रारीचं कारण डोळ्यांसमोर आलं. त्याच दिवशी छोट्या स्विचचा अॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर नेला. लेझर प्रिंटर मात्र तिथे लावला नाही, कारण गरम होताना तो एकदम जास्त वीज ओढतो. मुख्य स्विचमध्ये सहा पोर्ट रिकामे आहेत, त्यामुळे मागच्या खोलीत आणखी तीन केबली ओढून छोटा स्विच काढून टाकता येईल. ते काम पुढचं.

तक्त्यासोबत दोन चित्रं काढा. एकात खोल्या, टेबलं आणि फेसप्लेट. दुसऱ्यात फक्त कुठलं उपकरण कशाला जोडलंय. दोन्ही एकात कोंबलं की दोन्ही वाचता येत नाहीत. केबल काढून पाहिलेली जोडणी सलग रेघेने दाखवा. कुणी सांगितलेली पण न तपासलेली जोडणी तुटक रेघेने दाखवा आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाका. कोपऱ्यात तारीख हवीच. पासवर्ड मात्र या कागदावर कुठेही लिहू नका.

आणि ही फाइल फक्त ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवू नका, कारण नेटवर्क बंद पडल्यावर ती उघडणारच नाही. एक छापील प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून लावा आणि दुसरी मालकांच्या घरी द्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा दुकानांतली आणि ऑफिसांतली कागदपत्रंही भिजून गेली. केबल हलवली की रॅकमधल्या प्रतीवर तिथल्या तिथे पेनने जुनी ओळ खोडून नवी लिहा आणि पुढे तारीख टाका. कॉम्प्युटरवरचा नकाशा नंतर त्यावरून सुधारता येतो.