वयातलं अंतर पहिल्याच फोनवर बोला

मुलगा ३६ चा, मुलगी २७ ची. अशा स्थळात बायोडेटावर नुसतं 'वय ३४' लिहून वेळ मारून नेऊ नका. पूर्ण जन्मतारीख द्या. पत्रिका जुळवायला गेली की खरं साल कळतंच, आणि मग नऊ वर्षांपेक्षा लपवलेली दोन वर्षं जास्त खुपतात.

विषय मोठ्या वयाच्या बाजूनेच काढावा, तोही कांदेपोह्यांच्या आधी, फोनवर: "आपल्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. तुम्हाला स्वतःला ते चालेल का? नसेल तर मोकळेपणाने सांगा." उत्तर मुलीकडूनच ऐका. "आमची तयारी आहे" हे मामांनी सांगून भागत नाही.

पुढे भेटलात की कागदावर वर्षं मांडा. दोन वर्षांनी मूल झालं, तर ते अठराचं होईल तेव्हा बाबा ५६, आई ४७. नोकरी ५८ ला संपणारी असेल, तर मुलाचं कॉलेज निवृत्तीच्या तोंडावर येतं. मूल कधी, पैसे कुठून, नवऱ्या मुलाच्या आईवडिलांचं आजारपण कोण बघणार, हे तेव्हाच विचारा. तो "बघू नंतर" म्हणत राहिला, तर मी होकार थांबवेन.