जीपीएसवर किलोमीटर जास्त का भरतात? ट्रॅक स्मूद करताना या चुका टाळा

ग्राउंडवर 400 मीटरच्या ट्रॅकचे आतल्या लेनमधून मोजून 10 राउंड मारले म्हणजे 4 किलोमीटर झाले, पण घड्याळ किंवा फोन सव्वाचार दाखवतो, हे खूप जणांचं होतं. मग कुणी म्हणतं घड्याळ खराब आहे, कुणी म्हणतं चला बरंय, जास्त चाललो. खरं तर यातली बरीचशी वाढ गणितातून येते आणि ती कुठून येते हे एकदा कळलं की कमी पण करता येते.

पहिली चूक: "जीपीएस कधी पुढे दाखवतं कधी मागे, शेवटी सगळं कटतं" असं धरून चालणं

हे अर्धंच खरंय. चूक पुढे-मागे असेल तर कटते, कारण एक पाऊल लांब मोजलं गेलं की पुढचं तेवढंच आखूड होतं. पण आडवी चूक कटत नाही. तुम्ही 5 च्या स्पीडने चालताय म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर. आता समजा पुढचा पॉइंट अर्धा मीटर डावीकडे पडला, तर मोजलेलं अंतर म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण, 1.4 चा वर्ग अधिक 0.5 चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ, येतं साधारण 1.49. त्याच्या पुढचा पॉइंट उजवीकडे पडला तरी परत 1.49 च, कारण कर्ण बाजूपेक्षा कधीच लहान नसतो. म्हणजे डावीकडे गेलं काय न् उजवीकडे गेलं काय, बेरीजच होते, वजाबाकी कधीच नाही. दर सेकंदाला हे झालं तर सहा टक्क्यांच्या आसपास वाढ, आणि 4 किलोमीटरचे सव्वाचार होतात ते असे.

आणि अख्खा ट्रॅक नकाशावर चार मीटर बाजूला सरकलेला दिसला तर घाबरू नका, सगळे पॉइंट सारखेच सरकलेत तर अंतरात काहीच फरक पडत नाही. त्रास देते ती फक्त एका पॉइंटकडून पुढच्या पॉइंटकडे जाताना बदलणारी चूक.

दुसरी चूक: दर सेकंदाचं रेकॉर्डिंग म्हणजे जास्त अचूक

सायकलवर ठीक आहे. 20 च्या स्पीडला सेकंदाला 5.6 मीटर जातो, तिथे तोच अर्धा मीटर आडवा आला तर वाढ अर्धा टक्कासुद्धा होत नाही. पण चालताना पाऊलच एवढं लहान असतं की चूक त्याच्या बरोबरीला येते. दर 5 सेकंदाला एक पॉइंट घेतला तर मधलं अंतर 7 मीटर होतं आणि आडवी चूक अगदी मीटरभर धरली तरी वाढ एकच टक्का. सिग्नलला किंवा टपरीवर उभे असताना तर खरं अंतर शून्य, म्हणजे जे मोजलं जातं ते सगळंच खोटं. ऑटो-पॉज बंद असेल आणि नकाशा झूम केल्यावर थांबलेल्या जागी दोऱ्याचा गुंता दिसत असेल तर तो भाग आधी कापून टाका, तिथे स्मूदिंग करत बसू नका.

अजून एक बारीक गोष्ट, काही अ‍ॅप फाइल एक्सपोर्ट करताना अक्षांश-रेखांश पाचच दशांश स्थळांपर्यंत ठेवतात. पाचवं स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे 1.1 मीटर, मग चालणाऱ्याचा ट्रॅक पायऱ्या-पायऱ्यांचा होतो आणि किलोमीटर परत वाढतात. जीपीएक्स फाइल एकदा उघडून आकडे बघा.

स्मूदिंग नेमकं काय करतं

सगळ्यात साधा प्रकार सरासरीचा: प्रत्येक पॉइंटच्या जागी तो स्वतः, आधीचे दोन आणि नंतरचे दोन अशा पाचांची सरासरी ठेवायची. शीटमध्ये B मध्ये अक्षांश आणि C मध्ये रेखांश असेल तर D4 मध्ये हे टाकून खाली ओढा, E मध्ये C साठी तसंच:

```
=AVERAGE(B2:B6)
```

मग दोन पॉइंटमधलं अंतर मीटरमध्ये, पुण्याच्या आसपास असाल तर F5 पासून:

```
=SQRT(((D5-D4)*110700)^2+((E5-E4)*105600)^2)
```

105600 हा आकडा पुण्याच्या अक्षांशाचा आहे, दुसरीकडे बदलावा लागेल. सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन पॉइंट यात गळतात, चालण्यात ते म्हणजे पाचसहा मीटर, तेवढं चालतं.

गंमत अशी की लागोपाठच्या दोन सरासऱ्यांमध्ये चार पॉइंट तेच असतात, फरक पडतो फक्त एक नवीन आल्याने आणि एक जुना गेल्याने, तो पण भागिले पाच. म्हणून आडवी उडी पटकन मरते. चूक दर सेकंदाला पूर्ण वेगळी असेल तर ती सहा टक्के वाढ पाव टक्क्यावर येते, चूक हळूहळू सरकणारी असेल तर सव्वा टक्क्यापर्यंतच येते. खरा ट्रॅक या दोन्हीच्या मधे कुठेतरी असतो, म्हणजे आपले सव्वाचार किलोमीटर 4.01 ते 4.05 च्या दरम्यान उतरतात. ट्रॅकच्या वळणावर सरासरीने थोडं आत कापलं जातं, पण एवढ्या मोठ्या वळणाला 10 राउंडमध्ये मिळून तीनेक मीटर, ते सोडून द्या.

तिसरी चूक: आधी सरासरी, मग साफसफाई

क्रम उलटा ठेवा. एखादा पॉइंट अचानक 40 मीटर लांब उडाला असेल तर सरासरी त्याला घालवत नाही, पाच पॉइंटमध्ये वाटून टाकते आणि सरळ रस्त्यावर 8 मीटरचा फुगवटा येतो. आधी स्पीडचा कॉलम काढा, चालण्यात एका सेकंदाला 40 मीटर दिसले की ती ओळ डिलीट, मगच सरासरी.

चौथी चूक: घाटाला पण तेच सेटिंग

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. हेअरपिन वळण 15 मीटर त्रिज्येचं धरा. चढताना तुम्ही 8 ने जाताय, पाच पॉइंटची सरासरी त्या वळणावर दोनेक टक्के खाते, म्हणजे जेमतेम एक मीटर. उतरताना 20 ने आलात तर तेच पाच पॉइंट 22 मीटर रस्ता व्यापतात आणि त्याच वळणावर सहा मीटरच्या आसपास गायब होतात. वळणं वीस असतील तर शंभर मीटरच्या वर गेले, आणि मग तोच घाट चढताना एक अंतर आणि उतरताना दुसरं. म्हणून सरासरी किती सेकंदांची यापेक्षा ती किती मीटर रस्ता व्यापते ते बघा, आणि ते सगळ्यात तीव्र वळणाच्या त्रिज्येच्या आतच ठेवा. उतारावर तीन पॉइंट पुरतात, नाहीतर सरासरी करूच नका, तिथे स्पीड जास्त असल्याने मुळात वाढच कमी असते.

किती स्मूद करायचं हे कसं कळणार

मूळ ट्रॅकचं अंतर काढा, मग दर दुसरा पॉइंट घेऊन, मग दर पाचवा, मग दर दहावा. आकडा सुरुवातीला भराभर पडला आणि नंतर स्थिरावला तर जे पडलं ते नॉइज होतं, स्थिरावलेला आकडा खऱ्याच्या जवळचा. पडतच राहिला तर आता वळणं कापली जातायत, तिथून मागे या. सरळ रस्ता आणि घाट एकाच राइडमध्ये असतील तर हे दोन्हीसाठी वेगवेगळं करा.

उंच बिल्डिंगांमध्ये मात्र यातलं फारसं चालत नाही. तिथे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि रेष वीस-तीस सेकंद शेजारच्या गल्लीतून फिरून परत येते, ती दिसायला छान गुळगुळीतच असते त्यामुळे सरासरीला त्यात चूक सापडत नाही. सायकल असेल तर चाकाचा सेन्सर लावा, 700x25C टायरला घेर 2105 मिलिमीटर टाकतात, पण हवा भरून, स्वतः बसून, जमिनीवर एक फेरी मोजून घेतलेला आकडा जास्त बरा. पायी चालत असाल तर तेवढा तुकडा नकाशावर हाताने मोजून घ्या.