ऑफिसातल्या नव्या मुलांशी बचतीवर पंधरा मिनिटं कसं बोलावं

कंपनीत पैशांच्या नियोजनावर सत्र ठेवलं जातं आणि एचआर एखाद्या सीनिअरला म्हणतं, 'नवीन मुलांना थोडक्यात सुरुवात आणि सातत्य यावर सांगा.' बहुतेक भाषणं 'थेंबे थेंबे तळे साचे'ने सुरू होतात. म्हण खरी आहे, पण ती शाळेपासून ऐकलेली असते. समोरच्याला हवं असतं ते वेगळंच: माझ्या पगारातून किती, कोणत्या तारखेला आणि एखादा महिना चुकला तर काय? भाषण या तीन प्रश्नांभोवती बांधा.

आधी समोरच्याचा महिना कागदावर मांडा

एक नमुना घ्या. पुण्यात नोकरी करणारा मुलगा, हातात येणारा पगार २४,००० रुपये. कॉट बेसिसचे ६,५००, मेसचे ३,५००, पेट्रोल आणि मोबाइल २,५००, घरी पाठवायचे ५,०००, गाडीचा हप्ता ३,२००. एकूण २०,७०० गेले, उरले ३,३००. तुमच्या ऑफिसात आकडे वेगळे असतील, तसे बदला. पण कोणाचाही खरा पगार विचारू नका आणि हात वर करायला लावू नका. शेजारी बसलेल्याला आपल्यापेक्षा जास्त मिळतात हे त्या क्षणी कळलं, तर पुढचं भाषण कोणी ऐकत नाही.

आता विचारा, या मुलाने महिन्याला किती बाजूला टाकावे? पहिलं उत्तर बहुधा 'तीन हजार' येतं. इथेच थांबा. तीन हजार टाकल्यावर हातात तीनशे राहतात आणि ज्या महिन्यात गाडीची सर्व्हिसिंग किंवा मामेभावाचं लग्न येतं, त्या महिन्यात बचतीचा हप्ता तुटतो. एकदा तुटला की पुढच्या महिन्यात तो बंद करण्याची इच्छा होते. म्हणून सुरुवात १,००० ची सांगा. उरलेले २,३०० हीच त्याची उसंत. ते खर्च झाले नाहीत तर बचत खात्यात पडू द्यावेत आणि पगार वाढेल तेव्हा हप्ता वाढवावा.

फळ्यावर दोनच आकडे लिहा

महिन्याला १,००० रुपये, ७ टक्के वार्षिक व्याज, दरमहा चक्रवाढ, दहा वर्षं. हा दर फक्त हिशेबासाठी धरलेला आहे, आणि व्याजावरचा करही यात धरलेला नाही, हे आधीच सांगून टाका. एकूण भरले १,२०,०००, जमले सुमारे १,७४,०००. पण फळ्यावर हा शेवटचा आकडा मोठा करून लिहू नका. हे लिहा:

पहिल्या वर्षाचं व्याज: सुमारे ४६५ रुपये.
दहाव्या वर्षाचं व्याज: सुमारे ११,३६० रुपये.

मग सावकाश बोला: 'पहिल्या वर्षी तुम्ही बारा हजार भरता आणि पाचशेसुद्धा मिळत नाहीत. तेव्हा वाटतं, याला काय अर्थ आहे? बहुतेक जण इथेच सोडतात. दहाव्या वर्षीही तुम्ही बारा हजारच भरता, पण जवळपास तेवढंच व्याज मिळतं. हप्ता तोच आहे. मागची नऊ वर्षं तुम्ही त्याला हात लावला नाही, म्हणून हा फरक पडला.' माझ्या मते संपूर्ण भाषणातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. त्यानंतर थोडं थांबा, लोकांना आकडे पाहू द्या.

एखादा विचारेल, मधली दोन वर्षं बंद ठेवलं तर? चौथं आणि पाचवं वर्ष सोडलं, तर २४,००० कमी भरले जातात, पण शेवटी सुमारे ३६,६०० कमी मिळतात.

सातत्य कुठे तुटतं ते दाखवा

'सातत्य ठेवा' असं सांगून कोणी ठेवत नाही. तारीख ठेवते. आई-मावशींची भिशी वर्षानुवर्षं चालते, कारण तारीख ठरलेली असते आणि पैसे दिले नाहीत तर बाकीच्या बायका विचारतात. भिशीवर व्याज नसतं आणि ती पूर्णपणे विश्वासावर चालते, तरी तारखेची शिस्त तिच्याकडून घ्यावी. पगार १ तारखेला होत असेल, तर हप्ता ३ किंवा ५ तारखेचा ठेवायला सांगा. पगार एखादा दिवस उशिरा आला, मध्ये सुट्टी आली, तरी खात्यात पैसे असतात. २५ तारखेचा हप्ता जवळपास नक्की अडकतो.

अडकला तर काय होतं, हेही स्पष्ट सांगा. पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, महिना १०० रुपयांपासून उघडते, मुदत ५ वर्षं. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड, आणि लागोपाठ चार चुकले तर खातं बंद पडतं. म्युच्युअल फंडाच्या मासिक एसआयपीत फंड कंपनी दंड लावत नाही, पण खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर बँक शुल्क कापते. ते शेकड्यांत असू शकतं, म्हणजे ५०० च्या हप्त्याला अर्धा हप्ता गेलाच. लागोपाठ तीन वेळा असं झालं की एसआयपी आपोआप रद्द होते. म्हणून अडचण आधीच दिसत असेल, तर हप्ता तात्पुरता थांबवण्याची सोय आहे का ते पाहून ती वापरावी, खातं रिकामं ठेवून बसू नये.

आणखी एक ठिकाण नोकरी बदलताना येतं. पीएफ काढून मोबाइल घेणं सोपं वाटतं. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो आणि मागची सगळी वर्षं पुसली जातात. यूएएन तोच ठेवून नव्या खात्यात वर्ग करून घ्या, एवढं एका वाक्यात सांगा.

काय बोलू नये

कुठल्याही योजनेचं किंवा शेअरचं नाव घेऊ नका. कोणाला काय विकत घ्यावं हे सांगणं सेबीकडे नोंदणी केलेल्या सल्लागाराचं काम आहे. शिवाय ज्युनिअर मुलं साहेबांनी सांगितलं म्हणून पैसे टाकतात, हे ओझं मोठं आहे. 'मला इतके टक्के मिळाले' हेही टाळा. आरडीचा दर ठरलेला असतो, एसआयपी बाजारावर चालते आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं भरल्यापेक्षा कमीही दिसू शकते. हा फरक मात्र न लपवता सांगा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला कोणीतरी समोर बसलेला असतोच. त्याला एसआयपी सांगू नका. कार्डाचं व्याज वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं, त्याचे पहिले हजार तिकडे जाऊ देत. बाकीच्यांनी आधी महिना-दीड महिन्याचा खर्च आरडीत किंवा बचत खात्यात साठवावा, मगच बाजाराकडे वळावं.

शेवटची तीन मिनिटं

भाषण प्रश्नोत्तरांत विरघळू देऊ नका. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि दोनच गोष्टी लिहायला सांगा: रक्कम आणि तारीख. रक्कम अशी असावी की सर्वांत वाईट महिन्यातही जाईल, मग ती ३०० असली तरी चालेल. चिठ्ठी त्यांच्याकडेच राहू द्या, गोळा करू नका. तीन पगार झाल्यानंतर दहा मिनिटांची दुसरी बैठक ठेवा आणि फक्त विचारा, कोणाचा हप्ता अडकला आणि कोणत्या तारखेला. अडकलेल्यांची तारीख बदलून द्यायला किंवा रक्कम कमी करायला तिथेच बसून मदत करा.