ताई सोडून चालल्यात, हे क्लायंटला सांगताना या चुका टाळा

बेळगावच्या रविवार पेठेतला घाऊक व्यापारी असो की निपाणीचा टाइल्सवाला, त्याची आपल्या कर सल्लागाराशी समोरासमोर भेट वर्षातून दोन-तीनदाच होते. बिलं पाठवणं, ओटीपी सांगणं, "नोटीस आलीय ओ, बघा जरा" म्हणणं हे सगळं मात्र दर महिन्याला चालतं ते ऑफिसातल्या एका ताईशी. वर्षानुवर्षं जीएसटी बघणारी हीच ताई सोडून जाते तेव्हा शेठना पहिला प्रश्न पडतो, "आमचं आता कोण बघणार?" त्याचं उत्तर देताना जिथं हमखास गडबड होते, त्या जागा पुढे दिल्यात. उदाहरण जीएसटीच्या कामाचं घेतलंय, कारण तिथं तारखा आणि ओटीपी दोन्ही आडवे येतात.

चूक पहिली: ११ ते २० च्या मध्ये सांगणं

महिन्याला रिटर्न भरणाऱ्या दुकानदाराचं जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत जातं, १४ ला जीएसटीआर-२बी तयार होतं आणि २० पर्यंत जीएसटीआर-३बी भरायचं असतं. या दिवसांत "ताई चालल्या" असं कळलं की शेठ धड बिलंही पाठवत नाहीत आणि धड झोपतही नाहीत. सांगायला बरे दिवस म्हणजे २१ पासून महिनाअखेरपर्यंत. त्या महिन्याचं रिटर्न गेलेलं असतं आणि पुढचं सुरू व्हायला वेळ असतो. तिमाही रिटर्नवाल्यांची जीएसटीआर-३बीची तारीख कर्नाटकात २२ आहे, त्यांना ती उलटल्यावर सांगा. (सांगायचा दिवस अमावस्येला येत नाही ना, तेही बघा. आपला विश्वास असो-नसो, पेठेतल्या बऱ्याच जणांचा असतो.)

ताईंनी महिन्याची मुदत दिली असेल तर सोपं जातं. या महिन्याच्या शेवटी सांगायचं, पुढच्या महिन्याचं रिटर्न नवीन माणसानं भरायचं आणि ताईंनी शेजारी बसून बघायचं. असं एक पूर्ण चक्र दोघांच्या हाताखालून गेलं की ताई गेल्यावरचं पहिलं रिटर्न अंधारात भरावं लागत नाही. मुदत आठ दिवसांचीच असेल, तर २१ ची वाट बघत बसू नका. ज्यांचं काही लटकलेलं आहे त्यांना त्याच दिवशी फोन करा.

एकदा सांगायला सुरुवात केली की दोन दिवसांत सगळ्यांना कळलं पाहिजे. पेठेत शेजारच्या दुकानाला आधी कळलं आणि आपल्याला नंतर, याचा राग ताई गेल्याच्या रागाहून मोठा असतो.

चूक दुसरी: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळं होणं

"आपल्या सहकारी कार्यमुक्त होत आहेत, यापुढे अमुक नंबरवर संपर्क करावा." हा मेसेज वाचून शेठना वाटतं, काहीतरी भांडण झालंय. आणि अनोळखी नंबरवरून "मी आता तुमचं काम बघतो, ओटीपी सांगा" असा फोन आला, तर शहाणा शेठ तो फसवणुकीचा समजून ठेवून देतो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ऑफिसच्या मालकानं आपल्या नेहमीच्या नंबरवरून फोन करायचा, ताई शेजारी आणि स्पीकर चालू.

"शेठ, एक सांगायचं होतं. आपल्या ताई पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत आहेत, मग घरच्या अडचणीमुळं सोडतायत. तुमचं काम आता हा आपला मुलगा बघणार. दोन वर्षं झाली तो इथंच आहे. ताईच त्याला सगळं समजावून देतायत. बोला त्यांच्याशी."

मग ताईंनी दोन वाक्यं बोलायची आणि नवीन माणसानं एक. त्यानंतर लगेच लेखी मेसेज:

"नमस्कार शेठ. फोनवर बोलल्याप्रमाणे … तारखेपासून आपलं जीएसटीचं काम … बघतील, त्यांचा नंबर …. त्या तारखेपर्यंत ताईंशीच बोलावं. आपल्या ऑफिसचं बँक खातं आणि फी बदललेली नाही. ओटीपी फक्त माझ्या या नंबरवरून किंवा त्यांच्या नंबरवरून विचारला जाईल, आणि तोही आपण रिटर्नचे आकडे बघितल्यावरच."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. माणूस बदलल्याची बातमी फुटली की "आमचं खातं बदललंय, फी इथं पाठवा" असे मेसेज करणाऱ्यांना आयती संधी मिळते.

ताई का सोडतायत, हे किती सांगायचं? त्यांनी परवानगी दिली असेल तेवढंच. दुसऱ्या सल्लागाराकडं चालल्या असतील तर "दुसरीकडं काम घेतलंय" एवढं पुरे. "तशा त्या हल्ली लक्षच देत नव्हत्या" असं चुकूनही बोलू नका. त्याच लक्ष न देणाऱ्या ताईंनी गेल्या वर्षभर त्यांचं रिटर्न भरलंय, हे शेठना लगेच आठवतं.

भाषेचंही आधीच बोलून घ्यावं. गोकाक, बैलहोंगलकडच्या क्लायंटशी ताई कन्नडमध्ये बोलत असतील आणि नवीन मुलाला कन्नड जेमतेम येत असेल, तर ते पहिल्याच फोनला कळणार. त्यापेक्षा मालकानंच म्हणावं की कन्नड कागद आणि बोलणं मी बघेन, आकडे हा बघेल. महापालिकेचे ट्रेड लायसन्सचे कागद कन्नडमध्ये येतात, ते कोण वाचणार हेही त्यातच ठरून जातं.

चूक तिसरी: "सगळं पहिल्यासारखंच होईल" म्हणणं

हे वाक्य ऐकून कुणाला धीर येत नाही, कारण पहिलं कसं होतं ते ताईंनाच माहीत असतं. निपाणीच्या एका टाइल्स-सॅनिटरी दुकानाचं धरून चालू. शेठ एकटेच, काउंटरला पुतण्या, माल निपाणीत आणि पलीकडं कागलला जातो. या क्लायंटबद्दल ताईंच्या डोक्यात काय काय आहे?

एक, त्यांच्या एका ठेकेदार गिऱ्हाईकाकडं दोन जीएसटी नंबर आहेत. निपाणीच्या साइटचा २९ नं सुरू होतो, कागलच्या साइटचा २७ नं. पॅन तोच असल्यामुळं नंबर दिसायला सारखेच. पुतण्या बिलावर कधी हा टाकतो, कधी तो. माल दुकानाच्या टेम्पोनं कागलला उतरला असेल तर आयजीएसटी, निपाणीत उतरला असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी. ताई दर महिन्याला जीएसटीआर-१ आधी फोन करून विचारतात, "या बिलाचा माल कुठं उतरला?" नवीन मुलगा विचारणार नाही, बिलावर आहे ते भरेल. मग ठेकेदाराचं क्रेडिट भलत्याच नंबरवर जाईल, १४ ला त्याच्या २बी मध्ये दिसणार नाही, आणि तो दुकानाचे कराएवढे पैसे अडवून धरेल. दुरुस्ती पुढच्या रिटर्नमध्ये जाणार, म्हणजे महिनाभर कटकट.

दोन, एक पुरवठादार जीएसटीआर-१ नेहमी उशिरा भरतो. ताई ११ तारखेच्या आधीच त्याला आठवण करतात.

तीन, शेठ दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, म्हणून ओटीपी सकाळी घ्यायचा.

चार, एका नोटिशीला उत्तर दिलंय, पण पुढचा आदेश अजून आलेला नाही.

ही चार वाक्यं एका कागदावर लिहा आणि शेठना फोनवर वाचून दाखवा. "काही राहिलं का?" विचारा. बहुतेक वेळा एखादी गोष्ट ते स्वतःच सांगतात, जी ताईही विसरलेल्या असतात. आपलं काम कागदावर आलंय हे दिसल्यावर माणूस निर्धास्त होतो, आणि नवीन मुलाच्या हातात पहिल्या महिन्याचं काम पडतं.

चूक चौथी: नोंदणीत ताईंचाच मोबाइल राहून जाणं

सीमाभागातल्या बऱ्याच छोट्या दुकानांची नोंदणी करताना शेठ म्हणाले असतात, "मला ते ओटीपीचं जमत नाही ताई, तुमचाच नंबर टाका." तेव्हा सोय झाली. आता ताईंच्या फोनवर शेठच्या नोंदणीचे ओटीपी येत राहणार, आणि विभागाचे मेल त्यांच्या खासगी मेलवर. त्यात ताईंचं काही वाईट नाही, पण शेठच्या नावाची चावी ऑफिस सोडून गेलेल्या माणसाकडं राहते.

हे ताई असतानाच बदलायचं. पोर्टलवर लॉगिन करून Services, मग Registration, आणि तिथं Amendment of Registration Non-Core Fields. अधिकृत सहीदाराच्या पानावर शेठचा स्वतःचा मोबाइल आणि मेल टाकायचा, नवीन नंबरवर आणि मेलवर आलेले ओटीपी भरायचे आणि अर्ज सादर करायचा. या बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. नवीन मुलाचा नंबर टाकू नका, नाहीतर दोन वर्षांनी हाच खेळ पुन्हा. नंबर बदलला की पासवर्डही बदला आणि तो शेठनाच कळवा. ई-वे बिलासाठी ताईंना वेगळं सब-युजर दिलं असेल तर ते त्या पोर्टलवरून गोठवता येतं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी गोठवा.

क्लायंटला हे सांगताना चाचरू नका. "ताई आहेत तोवर तुमचा नंबर तुमच्याकडं परत देतोय" असं म्हटलं की संशयाला जागा राहत नाही. उलट हे लपवून गुपचूप केलं आणि शेठच्या फोनवर अचानक ओटीपी आला, तर पहिला फोन ताईंनाच जातो.

गाडी अडली तर

शेठ अजून ताईंनाच फोन करतायत: ताईंना सांगून ठेवा, "हो शेठ, मी सांगते" म्हणायचं नाही, "आता नवीन मुलाला विचारा, त्याला माहीत आहे" एवढंच. ताईंच्या जुन्या नंबरवर बिलं येत असतील तर नवीन मुलानं स्वतः फोन करून "या महिन्याची बिलं मला मिळाली नाहीत" असं १ ते ५ तारखेत विचारायचं. १० ला विचारलं तर उशीर झालेला असतो.

शेठ सगळं मालकालाच विचारतायत: पहिल्या महिन्यात चालतं. मालकानं उत्तर द्यावं, पण नवीन मुलाला फोनवर घेऊन त्याच्याच तोंडून. दुसऱ्या महिन्यातही तसंच चाललं, तर त्या मुलानं शेठना स्वतःहून काही सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या पहिल्या फोनला काही मागू नये, काही कळवावं: "तुमच्या पुरवठादाराचं बिल २बी मध्ये आलंय, या महिन्यात क्रेडिट मिळेल."

शेठ गेल्या तीन वर्षांची फाइल मागतायत: कारण विचारत बसू नका, द्या. फाइल मागणारा कदाचित दुसरीकडं चालला असेल किंवा नुसता धास्तावला असेल, पण अडवून ठेवली तर नक्की जातो. भरलेल्या रिटर्नच्या प्रती, नोटिशी आणि त्यांची उत्तरं, टॅलीचा बॅकअप, आणि वर तो चार वाक्यांचा कागद. फाइल द्यायला नवीन मुलानंच निपाणीला जावं, आणि काउंटरवरच्या पुतण्याला ते २९ आणि २७ चं गणित तिथंच एकदा समजावून यावं.