शोआधीचं क्रिएटिन आणि पाणी: तयारीची यादी

क्रिएटिनचा निर्णय बॉडीबिल्डिंगच्या शोच्या साधारण पाच आठवडे आधी घ्या. बंद केल्यावर स्नायूंमधला वाढीव साठा पूर्ण उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे तीन दिवस आधी डबा बाजूला ठेवून अंगावर फारसा फरक पडत नाही. फिजिक प्रकारात वजनाऐवजी उंचीचा गट असेल तर वजनाची अडचण नाही. रोजचे ३ ते ५ ग्रॅम शोपर्यंत चालू ठेवा. क्रिएटिनमुळे येणारं पाणी बरंचसं स्नायूंच्या पेशींमध्ये असतं. तेच स्नायू भरलेले दाखवतं.

वजनी गटात मात्र आधी हिशोब मांडा. समजा गट ७० किलोचा आहे, वजन शनिवारी संध्याकाळी आणि शो रविवारी. गुरुवारी सकाळी काटा ६९.६ दाखवतो. आता कार्ब लोडमध्ये, म्हणजे शोआधी भरपूर कार्ब खाऊन, स्नायूंमध्ये ३०० ग्रॅम ग्लायकोजेन भरलं, तर प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे ३ ग्रॅम पाणी येतं, म्हणजे एकूण सुमारे १.२ किलो. शनिवारी काटा ७०.८ वर जाईल आणि गट हुकेल. म्हणून अनुभवी स्पर्धक एकतर गुरुवारी ६८.५ च्या आसपास असतात, किंवा मुख्य लोड वजन झाल्यावर करतात. क्रिएटिनमुळे किलोभर वजन वाढलेलं असेल, तर महिनाभर आधी थांबवणं हाही मार्ग आहे, पण त्यात थोडा भरीवपणा जातो.

शेवटच्या आठवड्यात क्रिएटिन नव्याने सुरू करू नका, लोडिंग तर नकोच. दिवसाला २० ग्रॅम घेतल्यावर काही दिवसांतच एक-दोन किलो पाणी चढू शकतं आणि एका वेळी १० ग्रॅम घेतल्यास अनेकांचं पोट बिघडतं. मग फुगलेलं पोट पोझिंगमध्ये लपत नाही. चालू डोस कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून कार्बच्या जेवणासोबत घ्या.

पाण्याचं रोजचं प्रमाण, समजा ४ लिटर, शुक्रवारपर्यंत तसंच ठेवा, मीठही नेहमीचंच. पाणी तोडलं की ते फक्त कातडीखालून जात नाही. स्नायूंमधून आणि रक्तातूनही जातं, ग्लायकोजेनला लागणारं पाणी मिळत नाही, आणि बॅकस्टेजला कितीही पुशअप मारले तरी पंप येत नाही. शिरा दिसेनाशा झाल्या आणि छाती सपाट वाटली, तर दोष बहुधा क्रिएटिनचा नसून कमी पाण्याचा आणि कमी मिठाचा असतो. तेव्हा थोडं मीठ, थोडे कार्ब आणि घोट घोट पाणी घ्या. शोच्या दिवशी सकाळपासून असंच थोडं थोडं प्या, एकदम लिटरभर नको.

लघवीच्या गोळ्यांना हात लावू नका. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा अव्वल बॉडीबिल्डर हॉलंडमधल्या शोनंतर काही तासांतच गेला. त्याच्या मृत्यूशी या गोळ्या आणि निर्जलीकरण यांचं नाव जोडलं जातं. पायात जोराचे गोळे, चक्कर, छातीत धडधड यांपैकी काहीही जाणवलं तर स्टेज सोडून थेट डॉक्टरकडे जा.

हा सगळा क्रम शोच्या तीन-चार आठवडे आधी एकदा करून पाहा: रोज सकाळी वजन, कमरेचं माप आणि त्याच उजेडात फोटो.