कंपनी गाळात चाललीय असं वाटतंय? डायरेक्टरने आधी हे करून ठेवा

सगळ्यात आधी एक तारीख शोधा. आपली कंपनी आता वाचत नाही हे तुम्हाला कळलं ती तारीख, किंवा कळायला हवं होतं ती, कारण आयबीसी 2016 या दिवाळखोरीच्या कायद्याच्या कलम 66(2) मध्ये "मला माहीतच नव्हतं" हे चालत नाही, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जे कळायला हवं होतं तेही धरतात. म्हणून अकाउंटंटला बसवून पुढच्या तेरा आठवड्यांचा कॅशचा तक्ता काढा, आठवड्यागणिक, आणि येणं लिहिताना फक्त पक्कं येणं लिहा. "पार्टी देतो म्हणालीय" हे येणं नाही!

समजा जूनच्या तक्त्यात सगळी देणी आणि मालमत्ता मांडून 60 लाखांचा खड्डा दिसला, नवी गुंतवणूक कुठूनच येत नाहीये, तरी तुम्ही उधारीवर माल उचलत राहिलात, गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स घेऊन त्यातून पगार केले, आणि डिसेंबरमध्ये कंपनीच्या दिवाळखोरीची केस एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, ॲडमिट झाली तेव्हा खड्डा 1 कोटी 5 लाखांचा. मधले 45 लाख कोणाच्या खिशातून गेले? सप्लायरच्या आणि ॲडव्हान्स दिलेल्या गिऱ्हाइकांच्या. मग दिवाळखोरीत कंपनीचा कारभार हातात घेणारा रिझोल्यूशन प्रोफेशनल एनसीएलटीत अर्ज करतो, आणि तिथे योग्य वाटेल तेवढी रक्कम तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरायला सांगू शकतात. देणं कंपनीचं, माझं नाही, ही प्रायव्हेट लिमिटेडची भिंत इथे कामाला येत नाही.

धंदा चालू ठेवणं हाच गुन्हा असं मात्र नाही, देणेकऱ्यांचं नुकसान कमी व्हावं म्हणून तुम्ही खरंच काय केलंत ते बघतात. त्यामुळे दर आठवड्याला बोर्ड मीटिंग घ्या आणि मिनिट्समध्ये कारण लिहा, म्हणजे "चर्चा झाली" एवढंच नको, "ही ऑर्डर पूर्ण केली तर अमुक वसुली होते, सोडली तर माल भंगारात जातो, म्हणून पूर्ण करतोय" असं. नवी उधारी थांबवा, लागेल तो माल रोखीने घ्या. एकटेच विरोधात असाल तर तेही नावानिशी लिहून घ्या, नुसता राजीनामा टाकून आधीचे महिने पुसले जात नाहीत.

आणि हात आवरा! लोक हमखास इथेच फसतात, शेवटच्या पैशातून स्वतःचं किंवा बायकोचं कंपनीला दिलेलं कर्ज आधी काढून घेतात. कलम 43 खाली नातेवाईक आणि डायरेक्टर यांना दिलेल्या पैशांसाठी दोन वर्षं मागे जाऊन बघतात. ज्या ओव्हरड्राफ्टला तुमची पर्सनल गॅरंटी आहे तोच घाईघाईने भरलात तरी प्रश्न येतो, फायदा गॅरंटरचा म्हणजे तुमचाच ना.

तक्ता दोनतीनदा करूनही तेच उत्तर आलं तर कलम 10 खाली कंपनीने स्वतःच दिवाळखोरी प्रक्रियेसाठी अर्ज करायचा, त्याला भागधारकांचा विशेष ठराव लागतो, त्यामुळे सभेची नोटीस आजच वकिलाकडून तपासून घ्या.